दोन इन्व्हर्टर बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या की पॅरललमध्ये? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. सिरीज करू की पॅरलल?

हे बॅटरी बघून ठरत नाही, इन्व्हर्टर बघून ठरतं. इन्व्हर्टर १२ व्होल्टचा असेल तर दोन्ही बॅटऱ्या पॅरलल. इन्व्हर्टर २४ व्होल्टचा असेल तर दोन्ही सिरीज. यात आवडीनिवडीला जागा नाही. "सिरीज केली की ताकद वाढते", "पॅरलल केली की बॅकअप वाढतो" अशी वाक्यं दुकानात कानावर पडतात, पण इन्व्हर्टरचा व्होल्टेज एकदा कळला की तुमच्यापुढे एकच जोडणी उरते. या पानावरची बाकीची माहिती हे असं का, याबद्दल आहे.

माझा इन्व्हर्टर १२ चा आहे की २४ चा, हे कसं ओळखू?

इन्व्हर्टरच्या मागे किंवा खाली एक स्टिकर असतो. त्यावर बॅटरी किंवा डीसी इनपुट अशा शब्दांपुढे १२ किंवा २४ व्होल्ट लिहिलेलं असतं. तोच आकडा बघायचा. २२०-२३० व्होल्ट हा घरातल्या विजेचा आकडा, त्याचा इथे संबंध नाही. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असलेला ९०० किंवा १६५० हा आकडा बहुधा व्हीएचा असतो. तो इन्व्हर्टर किती भार ओढेल याचा अंदाज देतो, व्होल्टेज सांगत नाही. घरगुती ६०० ते ११०० व्हीएचे इन्व्हर्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचे असतात आणि त्याहून मोठे बरेचसे २४ चे. पण केवळ या अंदाजावर पाना हातात घेऊ नका. स्टिकर पुसला असेल तर मॉडेलचं नाव शोधून माहितीपुस्तिका बघा.

सिरीज आणि पॅरलल म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात यांनाच एकसर आणि समांतर जोडणी म्हणतात. जुन्या विजेरीत दोन सेल एकामागे एक टाकायचो, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला. दीड आणि दीड मिळून ३ व्होल्ट. ही एकसर जोडणी. तुमच्या बॅटरीच्या पोटातही हेच चाललेलं असतं. वरची पाण्याची झाकणं मोजा, सहा भरतील. प्रत्येक झाकणाखाली २ व्होल्टचा एक कप्पा, आणि सहा कप्पे सिरीजमध्ये म्हणून १२ व्होल्ट. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडणं म्हणजे सहाचे बारा कप्पे करणं. व्होल्टेज २४ होतो. अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा, मात्र एका बॅटरीइतकाच, १५० चा १५० राहतो.

पॅरललमध्ये प्लस प्लसला आणि मायनस मायनसला जोडतो. इथे व्होल्टेज १२ च राहतो आणि १५० अधिक १५० मिळून ३०० अँपिअर-अवर होतात.

मग सिरीजमध्ये अँपिअर-अवर वाढले नाहीत, म्हणजे बॅकअपही वाढला नाही?

वाढला, आणि पॅरललइतकाच वाढला. सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नावर आहे, म्हणून एक घर घेऊन हिशेब करतो.

चार पंखे, सहा एलईडी दिवे, एक टीव्ही आणि वायफायचा राउटर, मिळून साधारण ४४० वॉट. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीकडून सुमारे ५१८ वॉट घ्यावे लागतात.

१२ व्होल्टचा इन्व्हर्टर हे ५१८ वॉट मिळवायला ४३ अँपिअर ओढेल. दोन बॅटऱ्या पॅरलल असल्यामुळे ते ४३ वाटले जातील, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साडेएकवीस.

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला तेवढ्याच वॉटसाठी साडेएकवीस अँपिअरच लागतील. सिरीजमध्ये तोच प्रवाह दोन्ही बॅटऱ्यांतून एकापाठोपाठ जातो, म्हणून प्रत्येकीतून साडेएकवीस.

बॅटरीच्या दृष्टीने दोन्हीकडे काम तेवढंच आहे. १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या चांगल्या अवस्थेत असतील तर या भारावर पाच-साडेपाच तास निघतात, जोडणी कोणतीही असो.

आता याच घरात १२ व्होल्टवर एकच बॅटरी असती तर? तिच्या एकटीतून ४३ अँपिअर गेले असते आणि ती जेमतेम सव्वादोन तास टिकली असती. म्हणजे दुसऱ्या बॅटरीने वेळ दुपटीहून थोडा जास्त वाढला. बॅटरीवर लिहिलेले १५० हे २० तास सावकाश, साडेसात अँपिअरने वापरली तरचे असतात. जोरात ओढली तर तीच बॅटरी १०० च्या आसपास देऊन थकते. भार वाटला गेला की प्रत्येक बॅटरी आपल्यातलं जास्त काढून देते.

बॅकअप सारखाच, तर कंपन्या २४ व्होल्टचे इन्व्हर्टर बनवतात कशाला?

तारांसाठी आणि आतल्या भागांसाठी. १२०० वॉटचा भार १२ व्होल्टवर चालवायचा तर जवळजवळ ११८ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह पेलणारी केबल जाड आणि कडक होते, आणि एखादा नट किंचित सैल राहिला तरी तिथे तारेच्या टोकाचा लग काळा पडून प्लास्टिक वितळतं. २४ व्होल्टवर हेच काम ५९ अँपिअरमध्ये होतं. प्रवाह निम्मा झाला की तीच तार निम्मी नाही, तर चौथ्या भागाइतकीच तापते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गावर जाते. म्हणून भार मोठा झाला की बनवणारे व्होल्टेज वाढवतात. आणखी मोठ्या इन्व्हर्टरला ४८ व्होल्ट, म्हणजे १२ च्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतात ते याचसाठी.

चार्जिंगमध्ये काही फरक पडतो का?

पडतो, आणि १२ व्होल्टवाल्यांनी तो आधी समजून घ्यायला हवा. दुसरी बॅटरी घेताना बॅकअपचा हिशेब सगळे करतात, ती भरणार कधी याचा करत नाहीत.

शिसं-आम्लाच्या बॅटरीला साधारणपणे तिच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाइतका चार्जिंग प्रवाह योग्य असतो, म्हणजे १५० ला १५ अँपिअर. १२ व्होल्टच्या घरगुती इन्व्हर्टरमधला चार्जर एका बॅटरीच्या हिशेबाने ठेवलेला असतो. समजा तो १५ अँपिअरचा आहे. पॅरललमध्ये दुसरी बॅटरी आली की हे १५ दोघींत वाटले जातात, प्रत्येकीला साडेसात. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरचा चार्जरही १५ अँपिअरचाच असला, तरी सिरीजमध्ये तो प्रवाह दोघींतून पूर्ण जातो. प्रत्येकीला १५.

वरच्याच घरात ३ तास लाइट गेली असं धरू. प्रत्येक बॅटरीतून सुमारे ६५ अँपिअर-अवर गेले. भरताना वीसेक टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणजे ७८. सिरीजच्या जोडीला ते परत मिळायला सव्वापाच तास, पॅरललच्या जोडीला साडेदहा. शेवटी शेवटी चार्जर प्रवाह कमी करतो म्हणून प्रत्यक्षात दोन्हीकडे आणखी वेळ लागतो.

शहरात आठवड्यातून एकदा लाइट जात असेल तर साडेदहा तासांनी काही बिघडत नाही. पण जिथे सकाळी ३ तास आणि संध्याकाळी ३ तास लाइट जाते, तिथे पॅरललची जोडी मधल्या वेळात पुरती भरतच नाही. रोज अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि वर्षा-दीड वर्षात "दोन बॅटऱ्या असून तासभरही चालत नाही" ही तक्रार सुरू होते. बॅटऱ्या खराब निघाल्या असं माणसाला वाटतं, प्रत्यक्षात त्या उपाशी राहिलेल्या असतात. हायड्रोमीटर असेल तर दिवसभर चार्ज झाल्यावर पाण्याची घनता बघा. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत ती साधारण १.२४० च्या पुढे असते. सगळ्याच कप्प्यांत सारखीच कमी दिसली तर बॅटरी भरत नाहीये असं समजा.

म्हणून १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर दुसरी बॅटरी घेण्याआधी पुस्तिकेत दोन गोष्टी शोधा: चार्जिंगचा अँपिअर, आणि जास्तीत जास्त किती अँपिअर-अवरची बॅटरी चालेल. ३०० ची परवानगी नसेल तर नकोच.

चुकून उलट केलं तर काय होतं?

१२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला सिरीजची जोडी लावली तर त्याच्या तोंडात २५ व्होल्ट जातात. आतले कपॅसिटर थेट बॅटरीच्या तारांवर बसलेले असतात, त्यामुळे इन्व्हर्टर बंद असला तरी पहिला मार त्यांना बसतो, मग वीज चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटना. बहुधा एक आवाज होतो, जळका वास येतो आणि बोर्ड गेलेला असतो.

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला पॅरललची जोडी लावली तर त्याला १२ च मिळतात. त्याची बॅटरी संपल्याची मर्यादा २१ च्या आसपास असते, म्हणून तो लो बॅटरीची शिट्टी मारतो किंवा चालूच होत नाही. नुकसान कमी वाटतं, पण मेन चालू करून तसंच ठेवू नका. त्याचा चार्जर २८ व्होल्टपर्यंत चढवायला बघतो आणि १२ च्या बॅटरीला ते झेपत नाही. पाणी उकळल्यासारखं होतं आणि हायड्रोजन भराभर निघतो.

तिसरी चूक सगळ्यात घातक. पॅरलल करायला बसलेला माणूस एका बॅटरीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडतो आणि उरलेली दोन टोकंही आपसात जोडतो. हा सरळ शॉर्ट सर्किट आहे. शेकडो अँपिअर वाहतात, पाना टर्मिनलला चिकटतो, बॅटरी फुटून आम्ल उडू शकतं. दोन बॅटऱ्या शेजारी ठेवताना एकीचं तोंड उलटं ठेवलेलं असलं की डाव्या बाजूला प्लस समजून ही चूक होते. बाजू बघून जोडू नका, टर्मिनलजवळची खूण बघून जोडा.

जोडणी करताना क्रम काय ठेवू?

आधी मेनचा प्लग काढा, इन्व्हर्टरचं बटण बंद करा आणि मग इन्व्हर्टरकडून आलेली मायनसची तार सोडवा. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. खोलीची खिडकी उघडी हवी.

सिरीजसाठी एकच जंपर, म्हणजे दोन बॅटऱ्यांना जोडणारी छोटी तार, लागतो: पहिल्या बॅटरीचा मायनस दुसरीच्या प्लसला. आता पहिलीचा प्लस आणि दुसरीचा मायनस अशी दोन टोकं मोकळी राहतात, तीच इन्व्हर्टरकडे जातील.

पॅरललसाठी सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे दोन जंपर घ्या. प्लस ते प्लस, मायनस ते मायनस. इन्व्हर्टरची लाल तार पहिल्या बॅटरीच्या प्लसवर आणि काळी तार दुसऱ्या बॅटरीच्या मायनसवर बसवा, तिरपी. दोन्ही तारा एकाच बॅटरीवर घेतल्या तर जवळची बॅटरी जास्त राबते आणि लवकर जाते. पॅरलल करण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून घ्या. एक भरलेली आणि एक रिकामी जोडली तर भरलेलीतून रिकामीत एकदम मोठा प्रवाह धावतो.

इन्व्हर्टरला तार लावण्याआधी मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावायचाच. पॅरललला १२.५ ते १३ च्या दरम्यान, सिरीजला २५ ते २६. साध्या पिवळ्या मल्टिमीटरवर सिरीज मोजताना मूठ २०० डीसी व्होल्टवर ठेवा. २० वर ठेवली तर नुसता १ दिसतो आणि माणूस मीटर खराब समजून तसाच पुढे जातो. आकडा बरोबर आला की आधी लाल आणि शेवटी काळी तार लावा. शेवटच्या तारेला छोटी ठिणगी पडते, ती आतले कपॅसिटर भरल्याची. जंपर इन्व्हर्टरच्या तारेहून बारीक नको.

एक बॅटरी जुनी आहे. तिच्याबरोबर नवी जोडली तर चालेल?

सिरीजमध्ये नाही. याचं कारण नीट सांगतो, कारण पैसे वाचवायला म्हणून हे सगळ्यात जास्त केलं जातं आणि त्यात नव्या बॅटरीचेही पैसे जातात.

माझ्याकडे आलेली एक तक्रार. २४ व्होल्टचा इन्व्हर्टर, पाच वर्षं जुनी जोडी, त्यातली एक बदललेली. आठ महिन्यांत पुन्हा बॅकअप घसरला. इन्व्हर्टरच्या तारांवर चार्जिंग चालू असताना २८.६ व्होल्ट, अगदी योग्य. पण प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली तर जुनी १५.१ आणि नवी १३.५. मग मेन काढून घराचा भार चालू ठेवला. वीसेक मिनिटांनी नवी १२.१ वर होती आणि जुनी १०.२ वर.

इन्व्हर्टरला फक्त बेरीज दिसते. जुनीची क्षमता कमी, म्हणून ती आधी भरते आणि तिचा व्होल्टेज वर चढतो. बेरीज २८ च्या पुढे गेली की चार्जर हात आखडता घेतो, तेव्हा नवी अजून भरायची असते. म्हणजे जुनी उकळत राहते, नवी अर्धपोटी. लाइट गेल्यावर जुनी आधी संपते, पण नवी धडधाकट असल्यामुळे बेरीज २१ वर येईपर्यंत इन्व्हर्टर ओढतच राहतो. नवी ११.९ वर असताना जुनी ९.१ वर गेलेली असते. त्या घरात जुनीला दर महिन्याला पाणी घालावं लागत होतं आणि नवीचं पाणी हललंही नव्हतं. ही खूण मीटरशिवायही दिसते.

म्हणून लक्षात ठेवा, चार्जिंगला वर आणि लोडला खाली जाणारी बॅटरी कमजोर. दोघींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नेहमी राहत असेल तर जोडी बिघडली आहे. चार्जिंगलाही आणि लोडलाही एकच बॅटरी दीड-दोन व्होल्ट खाली असेल तर तिचा एक कप्पा आत शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. ती लगेच वेगळी करा, कारण तिच्या वाट्याचा व्होल्टेज आता शेजारणीवर पडतोय.

वेगळ्या अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, उदाहरणार्थ १५० आणि १८०, सिरीजमध्ये जोडल्या तरी हेच घडतं, दोन्ही नव्या असल्या तरी. सिरीजची जोडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच वेळी घेतलेली हवी. वॉरंटीत एकच बदलून मिळाली आणि जोडी वर्षभराच्या आतली असेल तर चालून जातं, फक्त जोडण्याआधी दोन्ही १२ व्होल्टच्या चार्जरवर स्वतंत्रपणे पूर्ण भरा.

आणि पॅरललमध्ये जुनी-नवी?

तिथे व्होल्टेज दोघींचा एकच राहतो आणि जिची जेवढी ताकद तेवढा भार ती उचलते, त्यामुळे असमानता थोडी खपते. तरीही मी सुचवत नाही. जुनीचा एखादा कप्पा शॉर्ट झाला तर ती साडेदहा व्होल्टची उरते आणि नवी बॅटरी दिवसरात्र तिच्यात रिकामी होत राहते. चार्जर चालू झाला की सहा कप्प्यांसाठीचे १४.४ व्होल्ट पाच कप्प्यांवर पडतात. बॅटरी हाताला गरम लागते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला तर आधी मेन बंद करा आणि खिडक्या उघडा. तारा लगेच ओढू नका, साचलेल्या वायूत ठिणगी नको.

२४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा राउटर किंवा दिवा चालवला तर?

भार छोटा आहे म्हणून करावंसं वाटतं. पण मधून घेतलेली ती वीज एकाच बॅटरीतून रोज जाते आणि चार्जर दोघींना सारखंच भरतो. १ अँपिअरचा राउटर दिवसाला २४ अँपिअर-अवर एकीतूनच काढतो. काही दिवसांत वर सांगितलेली जुन्या-नव्याची स्थिती दोन नव्या बॅटऱ्यांत तयार होते. २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्ही बाहेरच्या टोकांवर लावा.

लिथियमच्या बॅटऱ्यांनाही हेच लागू का?

इन्व्हर्टरचा व्होल्टेज ठरवतो, एवढं लागू. पण लिथियम बॅटरीत स्वतःचं नियंत्रण करणारा बोर्ड असतो, आणि तो सिरीजचा व्होल्टेज सोसेल असा बनवलेला असतोच असं नाही. बनवणाऱ्याने सिरीजला लेखी परवानगी दिली असेल तरच जोडा. ट्युब्युलर आणि लिथियम एकत्र कधीच नको.

माझा १२ व्होल्टचा इन्व्हर्टर चांगला चालतोय. दुसरी बॅटरी पॅरलल लावू की २४ चा नवा घेऊ?

इन्व्हर्टर १२ चा २४ करता येत नाही, त्यामुळे पर्याय हे दोनच. भार तोच राहणार असेल, फक्त वेळ जास्त हवा असेल, लाइट अधूनमधून जात असेल आणि सध्याची बॅटरी अगदी नवी असेल, तर तशीच दुसरी घेऊन पॅरलल करा. पाण्याची मोटर, फ्रिज असं काही वाढणार असेल किंवा लाइट दिवसातून दोनदा जात असेल, तर २४ चा इन्व्हर्टर आणि एकदम घेतलेल्या दोन बॅटऱ्या. सध्याची बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर तिच्या जोडीला नवी आणू नका. ती आहे तशी १२ व्होल्टवर एकटी संपू द्या आणि निर्णय त्या वेळी घ्या. तोवर घरातला भार, तारेभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने एकदा मोजून लिहून ठेवा, तोच कागद दुकानात उपयोगी पडेल.